जिन्याखालच्या फलकावरचं नाव

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं संगणकाचं काम मी गेली काही वर्षं बघतो. पुस्तक परत करायची तारीख जवळ आली की सभासदाला आदल्या दिवशी एक ईमेल जातो. हे काम आधी एका स्वस्त होस्टिंगवर चालायचं. तिथे एकाच सर्व्हरवर आमच्यासारखे शेकडो बिऱ्हाडकरू होते. पुढे पुस्तकांची सगळी यादी ऑनलाइन आणायची ठरली आणि वाचनालयानं स्वतःसाठी एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला. मी त्यावर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्रॅम बसवला, डोमेनच्या नोंदी बदलल्या आणि माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर चाचणीचा ईमेल टाकला. तो लगेच आला, आणि मी निश्चिंत झालो.

दोन दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अहो, आठवणीचा ईमेल कोणालाच मिळत नाही म्हणतात. आणि आपल्या पत्त्यावर इंग्रजी पत्रांचा नुसता ढीग पडलाय." तो ढीग परत आलेल्या ईमेलचा होता. आमचे बहुतेक सभासद जीमेल वापरतात आणि त्या प्रत्येक पत्रात हेच लिहिलेलं होतं:

```
550-5.7.25 [203.0.113.25] The IP address sending this message
does not have a PTR record setup, or the corresponding forward
DNS entry does not match the sending IP.
```

(इथे आणि पुढे मी खरे पत्ते आणि नावं न देता, उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली वापरली आहेत.) म्हणणं असं, की हा ईमेल ज्या आयपी पत्त्यावरून निघाला त्याची पीटीआर नोंद नाही, किंवा त्या नोंदीतलं नाव उलट तपासलं तर ते याच पत्त्यावर येत नाही. मजकुराबद्दल, सभासदाबद्दल, आमच्या डोमेनबद्दल एकही तक्रार नव्हती. आक्षेप होता तो फक्त पत्त्याला नाव नसण्याचा.

हा आक्षेप समजायचा तर ईमेल दारात येतो तेव्हा नेमकं काय घडतं ते पाहावं लागतं. पाठवणारा सर्व्हर घेणाऱ्या सर्व्हरच्या पोर्ट २५ वर जोडला जातो. मग तो HELO किंवा EHLO म्हणून स्वतःचं नाव सांगतो, कोणाकडून आलो ते सांगतो, कोणासाठी आलो ते सांगतो आणि शेवटी मजकूर सोपवतो. या संभाषणाची मूळ पद्धत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढली. तेव्हा जाळ्यावरचे संगणक शेकड्यांत मोजता येत होते आणि ते चालवणारी माणसं एकमेकांना बहुधा ओळखत होती. त्यामुळे या संभाषणात कोणी खोटं बोलेल अशी तरतूदच नव्हती. आजही पाठवणारा त्यात स्वतःचं नाव काहीही सांगू शकतो, पाठवणाऱ्याचा पत्ता कोणाचाही घालू शकतो.

एकच गोष्ट त्याला सहजी खोटी सांगता येत नाही, ती म्हणजे तो ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पत्ता. जोडणी होताना घेणाऱ्याचं उत्तर त्या पत्त्यावर परत जातं आणि तिथून पोच आली तरच बोलणं पुढे सरकतं. म्हणजे संभाषणाचा पहिला शब्द उच्चारला जायच्या आधीच घेणाऱ्याच्या हातात एक खरी गोष्ट असते. तिच्यावरून पाहुण्याबद्दल आणखी काय कळतं हे विचारायला दोन छोटे प्रश्न पुरतात, आणि मजकुराचा एक अक्षरही उतरवून घ्यावा लागत नाही. नको असलेल्या ईमेलच्या लोंढ्याला तोंड देणाऱ्या सर्व्हरला ही गोष्ट फार मोलाची असते.

पहिला प्रश्न असा: या पत्त्याचं नाव काय? आपण रोज डीएनएसला याच्या उलटा प्रश्न विचारतो. नाव देतो आणि पत्ता मागतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदीला ए रेकॉर्ड म्हणतात. पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद ती पीटीआर. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारलेली नाही. पत्त्यालाच नावाचं रूप देऊन त्याच डीएनएसमध्ये बसवलं आहे. फक्त त्यात एक अडचण होती. आपण पोस्टाचा पत्ता लिहितो तो घर क्रमांक, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असा, लहानाकडून मोठ्याकडे. डोमेनचं नावही तसंच असतं. आयपी पत्ता मात्र फोन नंबरासारखा आहे: आधी एसटीडी कोड, शेवटी घरचा नंबर. म्हणून आकड्यांचा क्रम उलटतात आणि शेवटी in-addr.arpa जोडतात. 203.0.113.25 ची पीटीआर नोंद या नावाखाली शोधली जाते:

```
25.113.0.203.in-addr.arpa
```

हाताने उलटवायची गरज नसते. dig या आज्ञेला -x दिलं की ती स्वतःच उलटवते. मी लिहून पाहिलं:

```
dig -x 203.0.113.25 +short
```

उत्तरादाखल रिकामी ओळ. आमच्या पत्त्याला नाव नव्हतं. माझी चाचणी पास झाली होती ती एवढ्याचसाठी, की माझ्या ऑफिसचा सर्व्हर हा प्रश्न विचारतच नव्हता.

मग मी तेच केलं जे पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येक जण करतो. डोमेन जिथून विकत घेतलं तिथल्या पॅनेलमध्ये गेलो. नोंदींच्या प्रकारांत PTR हा पर्याय दिसला. आकडा लिहिला, नाव लिहिलं, सेव्ह केलं. पॅनेलनं ते बिनतक्रार स्वीकारलं. तासाभरानं dig केलं तर ओळ रिकामीच. दुसऱ्या दिवशीही रिकामी.

का, ते सांगायला मी एका इमारतीचा दाखला देतो. तुम्ही एका सोसायटीत फ्लॅट भाड्यानं घेतला. दारावर नावाची पाटी लावलीत, ओळखीच्यांना पत्ता कळवलात. ते सगळं तुमच्या हातात आहे. ए रेकॉर्ड म्हणजे ते. पण जिन्याखाली जो फलक असतो, कुठल्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे सांगणारा, तो सोसायटीचा. त्यावर तुमचं नाव चढवायचं तर सोसायटीला सांगावं लागतं. डोमेनच्या पॅनेलमध्ये मी जे लिहिलं ते म्हणजे फलक स्वतःच्या बैठकीच्या खोलीत टांगल्यासारखं होतं. जिन्याखाली येऊन वाचणाऱ्याला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आयपी पत्ता वाचनालयाच्या मालकीचा नाही, तो होस्टिंग कंपनीकडून भाड्यानं आलेला आहे. in-addr.arpa चा कारभार पत्त्यांच्या वाटपाच्याच वाटेनं खाली उतरतो. शेंड्याला आयएएनए आहे, तिच्याखाली पाच प्रादेशिक संस्था. आशिया आणि प्रशांत महासागराच्या भागासाठी ॲपनिक. भारतात निक्सीच्या छत्राखाली आयआरआयएनएन ही राष्ट्रीय संस्था हे वाटप पाहते. तिथून पत्त्यांचा गठ्ठा इंटरनेट कंपनीला किंवा होस्टिंग कंपनीला मिळतो आणि त्या गठ्ठ्याची उलट नोंदवहीही तिच्याच ताब्यात येते. आपल्या पत्त्याची वही कोणाकडे आहे ते असं कळतं:

```
dig -x 203.0.113.25
```

+short न लावता विचारलं की नोंद नसेल तरी उत्तराच्या AUTHORITY या भागात एक SOA ओळ येते आणि तिच्यात त्या वहीच्या नेमसर्व्हरचं नाव असतं. तिथे होस्टिंग कंपनीचं नाव दिसलं, तर काम त्यांच्याकडे. आमच्या बाबतीत तसंच होतं.

पीटीआर तपासण्याचं खरं कारण या मालकीतच आहे. ईमेलमधली बाकी सगळी नावं पाठवणारा स्वतः लिहितो. हे एक नाव त्याला स्वतःच्या बळावर लिहिता येत नाही. ज्याच्या जाळ्यात तो राहतो त्याला ते लिहावं लागतं. लबाड ईमेलचा फार मोठा भाग अनेक वर्षं विषाणू शिरलेल्या घरगुती संगणकांमधून येत आला आहे. संगणक वापरणाऱ्याला पत्ताही नसतो आणि त्याच्या ब्रॉडबँडवरून रात्रभर ईमेल सुटत असतात. ज्यानं तो विषाणू सोडला तो त्या संगणकाकडून काहीही करवून घेऊ शकतो, पण इंटरनेट कंपनीच्या वहीत त्याचा हात पोचत नाही. घरगुती पत्त्यांना एक तर नाव नसतं, किंवा पत्त्याचे आकडेच गुंफून कंपनीनं सरसकट पाडलेलं नाव असतं. "तुझ्या पत्त्याला कोणी नाव दिलंय का?" एवढा प्रश्न विचारला की ही मोठी गर्दी दारातच गळते. उलट, ज्याला खरोखर मेल सर्व्हर चालवायचा आहे तो मालकाला विनंती करून नाव चढवून घेतो. म्हणजे त्या पत्त्यावरून मेल जाणार आहे हे मालकाला निदान माहीत असतं.

नुसतं नाव असून मात्र भागत नाही, आणि हा धडा ईमेलच्या आधी दुसऱ्याच ठिकाणी शिकावा लागला. १९८० च्या दशकात बर्कली युनिक्सवर rlogin आणि rsh या सोयी होत्या. ठरावीक नावाच्या संगणकावरून कोणी आलं तर त्याला पासवर्ड न विचारता आत घेत. ते नाव कळायचं उलट शोधातून. पण उलट नोंदवही ज्याच्या हातात, त्यानं स्वतःच्या पत्त्यापुढे दुसऱ्याचंच नाव लिहिलं तर? आपल्याच सोसायटीच्या फलकावर एखाद्यानं फ्लॅट २५ पुढे कलेक्टरसाहेबांचं नाव लिहावं तसं. बेल लॅब्जमधले स्टीव्हन बेलोविन यांनी ही युक्ती कशी चालते ते दाखवणारा लेख १९९० मध्ये लिहिला. त्याचा दुरुपयोग होईल या काळजीनं त्यांनी तो बाजूला ठेवला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केला.

यावरचा उपाय म्हणजे दुसरा प्रश्न. फलकावर जे नाव वाचलं त्या नावाच्या माणसालाच जाऊन विचारायचं, "तुम्ही कुठे राहता?" कलेक्टरसाहेब सांगतील की त्यांचा बंगला दुसरीकडे आहे, आणि फलक खोटा ठरेल. डीएनएसच्या भाषेत, पीटीआरमधून मिळालेल्या नावाचा ए रेकॉर्ड काढायचा आणि तो मूळ पत्त्याशी जुळतो का पाहायचं. पत्त्याची वही एकाच्या हातात असते, नावाची दुसऱ्याच्या. दोन्ही हात एकच गोष्ट सांगतील तेव्हाच नाव धरायचं. जीमेलच्या पत्रातला "किंवा" नंतरचा भाग हाच. १ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या गुगलच्या नियमांत जीमेलला ईमेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून ही दुहेरी जुळणी मागितलेली आहे, मग तो दिवसाला दहा ईमेल पाठवो की दहा लाख.

तर आता नोंद कशी चढवायची. आधी नाव ठरवायचं. आम्ही mail.example.org ठरवलं. मग क्रम महत्त्वाचा आहे: प्रथम डोमेनच्या पॅनेलमध्ये त्या नावाचा ए रेकॉर्ड लिहायचा, तो जगाला दिसू लागला की मगच पीटीआरकडे जायचं. बऱ्याच होस्टिंग कंपन्या पीटीआर स्वीकारण्याआधी ते नाव खरोखर त्याच पत्त्यावर येतं का ते तपासतात आणि येत नसेल तर विनंती फेटाळतात.

```
mail.example.org.    A    203.0.113.25
```

त्यानंतर होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क विभागात जायचं. तिथे आयपी पत्त्याशेजारी "Reverse DNS" किंवा "rDNS" असं लिहिलेली जागा असते. तिथे पूर्ण नाव भरायचं. जागा प्रत्येक कंपनीत वेगळी आहे. डिजिटलओशनवर वेगळी जागाच नाही; सर्व्हरला जे नाव द्याल तेच पीटीआर होतं, म्हणून सर्व्हरचं नावच mail.example.org असं ठेवावं लागतं. ॲमेझॉनवर आधी कायमचा इलॅस्टिक आयपी घ्यावा लागतो आणि ए रेकॉर्डही आधीच तयार असावा लागतो. शिवाय तिथे नव्या खात्यांना बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद असतं. ते उघडण्याची विनंती वेगळी करावी लागते. ऑफिसमध्येच सर्व्हर असेल आणि इंटरनेट कंपनीकडून कायमचा आयपी घेतला असेल, तर पॅनेल बहुधा नसतंच. कंपनीला ईमेल किंवा पत्र लिहून पत्ता आणि नाव कळवावं लागतं. अशी जोडणी घेण्याआधीच "पीटीआर लावून देता का?" हे विचारून घ्यावं. काही जण फक्त महागड्या लीज्ड लाइनसाठीच लावून देतात, आणि ते वर्षभराचे पैसे भरल्यावर कळणं त्रासाचं होतं.

आमच्या कंपनीच्या पॅनेलमध्ये ती जागा राखाडी होती, क्लिक होत नव्हती. मी सपोर्टला तिकीट टाकलं. पलीकडून एका तरुणानं विचारलं, "सर, तुमच्या वेबसाइटचं नाव लावू का?" मी म्हटलं, "नको, mail ने सुरू होणारं लावा." हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे एक मोठा गैरसमज आहे.

अनेकांना वाटतं की पीटीआरमधलं नाव ईमेल पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जुळलं पाहिजे. तसं असतं तर एका सर्व्हरवरून वीस संस्थांचे ईमेल पाठवताच आले नसते, कारण पत्त्याला एकच नाव असावं असा संकेत आहे. गुगलच्या सेवेवर चालणाऱ्या एखाद्या कंपनीचा ईमेल उघडून त्याचे आतले हेडर वाचा. तो आलेला असतो google.com ने संपणाऱ्या एखाद्या नावाच्या सर्व्हरवरून, कंपनीच्या नावावरून नाही. पीटीआर एवढंच विचारतो की या यंत्राचं नाव काय आणि ते नाव परत याच यंत्रावर येतं का. पत्रातला मजकूर कोणाचा, हे त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून एका पत्त्यासाठी वीस पीटीआर लावून घेऊ नयेत. घेणारे त्यातलं कोणतं नाव धरतील याची खात्री नसते, आणि त्यांपैकी एकही जुळलं नाही तर फुकटचा घोटाळा होतो.

वेबसाइटचं नाव चाललंही असतं, पण मी ते टाळलं. उद्या वेबसाइट दुसऱ्या सर्व्हरवर नेली तर तिचा ए रेकॉर्ड बदलेल आणि इथली जुळणी नकळत तुटेल. ज्याला या यंत्राशिवाय दुसरं काम नाही असं नाव सुरक्षित. तेच नाव सर्व्हर EHLO म्हणताना सांगेल अशी व्यवस्थाही करावी. पोस्टफिक्समध्ये ती एका ओळीची आहे:

```
myhostname = mail.example.org
```

EHLO मधलं नाव जुळलं नाही म्हणून ईमेल नाकारू नये असं ईमेलचं प्रमाण सांगतं, पण गाळण्या चालवणारे बरेच जण त्याला वजन देतात. तिन्ही ठिकाणी एकच नाव असलं की कोणाला शंका घ्यायला जागा उरत नाही.

नाव निवडताना आणखी एक गोष्ट जपावी. होस्टिंग कंपनीनं दिलेलं static-203-0-113-25 अशा धर्तीचं तयार नाव तसंच ठेवू नये. त्याची जुळणी कधी कधी नीट असते, पण ज्या नावात पत्त्याचेच आकडे आहेत ते घरगुती जोडणीच्या नावासारखं दिसतं, आणि काही गाळण्या नुसत्या दिसण्यावरून ते बाजूला काढतात.

संध्याकाळी सपोर्टचं उत्तर आलं: काम झालंय. मी पुन्हा विचारलं, तेव्हाही रिकामी ओळ! हे मात्र अपेक्षितच होतं. डीएनएस "अशी नोंद नाही" हे उत्तरसुद्धा काही काळ लक्षात ठेवतं, आणि दोन दिवस मीच तो प्रश्न वारंवार विचारून ते उत्तर ताजं ठेवलं होतं. अशा वेळी थेट वहीच्या मालकाच्या नेमसर्व्हरला @ लावून विचारावं. तिथे नोंद दिसली तर फक्त वाट पाहायची. ही वाट काही मिनिटांची असते, कधी एखाद्या दिवसाची. रात्री नऊच्या सुमाराला दोन्ही बाजू बोलल्या:

```
dig -x 203.0.113.25 +short
mail.example.org.
dig mail.example.org A +short
203.0.113.25
```

दुसऱ्या दिवशीचे आठवणीचे ईमेल सुटले. बहुतेक पोचले, पण काही तरीही परत आले. क्रमांक तोच, 5.7.25. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "झालं ना काल? मग परत कसं आलं?" मलाही क्षणभर सुचेना. मग मी परत आलेलं पत्र पुन्हा अक्षर न अक्षर वाचलं. चौकटी कंसातला पत्ता या वेळी वेगळा होता. 203.0.113.25 च्या जागी 2001:db8 ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता होता.

तो सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता. नव्या सर्व्हरला असा पत्ता बहुधा न मागताच मिळतो, आणि पलीकडचा सर्व्हर दोन्ही बोलत असेल तर पोस्टफिक्स कधी एका वाटेनं, कधी दुसऱ्या वाटेनं जातो. म्हणूनच काही ईमेल पोचले, काही परत आले. आयपीव्ही६ ची वही वेगळी असते, ip6.arpa नावाची. तिथे पत्त्यातले बत्तीसही आकडे-अक्षरं एकेक सुटी करून उलटतात. मी ज्या नोंदीसाठी दोन दिवस घालवले तिचा या पत्त्याशी काहीच संबंध नव्हता. अर्धवट दुरुस्तीत हा दोष सगळ्यात जास्त फसवतो, कारण प्रत्येक तपासणी हिरवी दिसते. फक्त ती चुकीच्या पत्त्याची असते. नेमका कोणता पत्ता दुरुस्त करायचा हे परत आलेल्या पत्राच्या कंसातूनच घ्यावं, सर्व्हर घेतानाच्या कागदावरून घेऊ नये. ऑफिसातल्या सर्व्हरलाही हेच लागू आहे. तिथे ईमेल बऱ्याचदा फायरवॉलच्या पत्त्यावरून बाहेर पडतो, सर्व्हरच्या नाही.

उपाय दोन होते. एक, पोस्टफिक्सला आयपीव्ही६ वापरूच नकोस असं सांगायचं; त्याला inet_protocols = ipv4 ही एक ओळ पुरते. घाई असेल तेव्हा हे रास्त आहे. आम्ही दुसरा घेतला. त्याच नावाला आयपीव्ही६ चा म्हणजे एएएए रेकॉर्ड लावला आणि सपोर्टला त्या पत्त्याची पीटीआर लावायला सांगितलं. इथेही ठेच लागू शकते. आयपीव्ही६ मध्ये एका सर्व्हरला अब्जावधी पत्त्यांचा पट्टा मिळतो, आणि नोंद त्यातल्या ज्या एका पत्त्यावरून ईमेल खरोखर निघतो त्याचीच हवी. पट्ट्यातल्या पहिल्या, देखण्या पत्त्याला नाव लावून काही होत नाही. तिसऱ्या दिवशी एकही पत्र परत आलं नाही.

आता घेणाऱ्याच्या बाजूनं. मी आणखी एका संस्थेचा मेल सर्व्हर पाहतो आणि तिथे ही तपासणी स्वतः लावली आहे. पोस्टफिक्समध्ये तिच्या दोन पायऱ्या आहेत. reject_unknown_reverse_client_hostname एवढंच पाहतं की पत्त्याला काहीतरी नाव आहे का. reject_unknown_client_hostname दुहेरी जुळणी मागतं. मी पहिली लावली आहे. लहान कारखाने, शाळा, पतसंस्था यांच्या सर्व्हरला नाव असतं, पण जुळणी कधीतरी कोणाकडून तुटलेली असते, आणि त्यांचे खरे ईमेल नाकारण्याची किंमत मला जास्त वाटते. ज्याच्या दारात लाखो पाहुणे येतात त्याचं गणित वेगळं, आणि जीमेलनं कडक पायरी निवडली यात मला काही गैर दिसत नाही.

पोस्टफिक्स या दोन्ही ठिकाणी मुळात ५५० ऐवजी ४५० उत्तर देतं. ५५० म्हणजे कायमचा नकार, ४५० म्हणजे "नंतर या". डीएनएस क्षणभर अडखळलं म्हणून कोणाचं पत्र हरवू नये हा त्यामागचा विचार. पण पाठवणाऱ्यासाठी यात एक धोका आहे. ४५० मिळालेला ईमेल परत येत नाही, तो आपल्याच सर्व्हरच्या रांगेत पडून राहतो. पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करतं आणि मगच हात टेकतं. तोवर कोणाला काही कळत नाही. म्हणून नवा सर्व्हर सुरू केल्यावर पहिला आठवडा रोज mailq ही आज्ञा देऊन रांग पाहावी. घेणाऱ्या बाजूला आपण कसे दिसतो ते पाहायचं असेल तर पोचलेल्या ईमेलच्या हेडरमधली Received ही ओळ वाचावी. घेणारा पोस्टफिक्स असेल आणि जुळणी नसेल तर तिथे आपल्या पत्त्याआधी unknown लिहिलेलं असतं:

```
from mail.example.org (unknown [203.0.113.25])
```

डावीकडचं नाव आम्ही EHLO मध्ये सांगितलेलं, कंसातला शब्द घेणाऱ्यानं स्वतः शोधलेला. जुळणी झाली की unknown च्या जागीही mail.example.org येतं.

पीटीआर चढलं म्हणजे ईमेल इनबॉक्समध्ये जाणारच असं नाही. लबाडी करणाराही रोख पैसे देऊन सर्व्हर भाड्यानं घेऊ शकतो आणि मालकाला नाव चढवायला सांगू शकतो. या डोमेनच्या नावानं ईमेल पाठवायचा हक्क याला आहे का, हे एसपीएफ आणि डीकेआयएम या वेगळ्या नोंदी सांगतात, आणि जीमेल त्याही मागतं. पीटीआर नसलं तर दार उघडत नाही. असलं तर आत येऊन बाकीची तपासणी सुरू होते.

वाचनालयाचा सर्व्हर पुढच्या वर्षी मोठा करावा लागला आणि त्याबरोबर पत्ताही बदलला. या वेळी क्रम उलटा ठेवला. नव्या पत्त्यासाठी आधी mail2.example.org हे नाव घेतलं, दोन्ही आयपींची ए, एएएए आणि पीटीआर नोंद झाली, dig ने चारही उत्तरं जुळली, आणि मग एका रविवारी ईमेल तिकडून सोडायला सुरुवात केली. जुना सर्व्हर परत करण्याआधी त्याच्या पत्त्यावरचं आमचं नाव काढून टाकायला सपोर्टला सांगितलं, कारण तो पत्ता दुसऱ्या कोणाला भाड्यानं जाणार होता आणि फलकावर आमचं नाव राहिलं असतं तर त्या नव्या बिऱ्हाडाची जुळणी पहिल्याच दिवशी चुकली असती.